ट्रायकोकार्डची जाहिरात : ‘नंबर वन’ऐवजी मोजता येणारे दावे

ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाची कार्डे आता केवळ विद्यापीठांच्या आणि साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांतच तयार होत नाहीत. अनेक राज्यांत शेतकरी उत्पादक कंपन्या, महिला बचत गट आणि लहान उद्योजकही ती तयार करून विकतात. विक्री बहुधा व्हॉट्सॲपवरील छायाचित्र आणि त्याखालील दोन ओळींच्या आधारे होते. ‘देशातील नंबर वन ट्रायकोकार्ड, सर्वोत्तम गुणवत्ता, खोडकिडीचा १०० टक्के नायनाट’ अशा धाटणीच्या त्या ओळी असतात. ऊस उत्पादकाला खरेदीपूर्वी जे ठाऊक हवे, त्यापैकी काहीही त्यांत नसते. एकरी किती कार्डे लावायची, ती कोणत्या दिवशी लावायची आणि त्यांतून किती कीटक बाहेर पडतील, हे तीन प्रश्न अनुत्तरितच राहतात.

‘नंबर वन’ हा शब्द तुलना सुचवतो. कोणत्या निकषावर, कोणत्या काळात आणि किती उत्पादकांमध्ये पहिला क्रमांक, याचा पुरावा लहान गटाकडे असणे जवळजवळ अशक्य आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही जाहिरातीतील दाव्याला आधार असण्याची अपेक्षा ठेवली आहे. ‘सर्वोत्तम’ हा शब्द कदाचित विक्रेत्याची नेहमीची अतिशयोक्ती म्हणून खपून जाईल. ‘१०० टक्के नायनाट’ मात्र जीवशास्त्राच्या दृष्टीनेच चुकीचा आहे. ट्रायकोग्रामाची मादी किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते. पोंग्यात शिरलेल्या अळीला ती काहीही करू शकत नाही.

त्याऐवजी काय लिहावे, हे ठरविण्यासाठी आधी कार्ड मोजावे लागते. त्याकरिता मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. दहापट मोठे दाखविणारे भिंग, काचनळी, कापसाचा बोळा आणि नोंदवही एवढे साहित्य पुरते. कृषी विज्ञान केंद्रातील सूक्ष्मदर्शक मिळाल्यास काम अधिक सोपे होते.

समजा, एका गटाच्या कार्डावर ‘२०,००० अंडी’ असे छापलेले आहे. हा आकडा बहुतेक वेळा प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतून घेतलेला असतो, प्रत्यक्ष मोजलेला नसतो. गटाने बॅचमधील पाच कार्डे कोणतीही निवड न करता उचलावीत आणि प्रत्येकाचा एक चौरस सेंटिमीटर भाग मोजावा. तो भाग कधी मध्यावरचा, तर कधी कडेचा असावा; कडेला अंडी विरळ बसतात आणि फक्त मध्यभाग मोजला तर आकडा फुगतो. समजा, ११८, १३१, १०४, १२६ आणि १२१ अंडी आढळली. सरासरी १२० येते. डिंक लावलेले क्षेत्र १४० चौरस सेंटिमीटर असेल, तर कार्डावर १६,८०० अंडी आहेत, २०,००० नव्हेत.

पुढील मोजणी रंगाची. परोपजीवी वाढू लागलेले कॉर्सायराचे अंडे तीन ते चार दिवसांत काळे पडते. पाचव्या दिवशी वरील ६०० अंड्यांपैकी ५५२ काळी दिसली, तर परोपजीवन ९२ टक्के झाले. म्हणजे कार्डावर सुमारे १५,४५० परोपजीवित अंडी आहेत. उसातील खोडकिडीसाठी अनेक शिफारशींमध्ये एका वेळी हेक्टरी ५०,००० परोपजीवित अंडी, सुमारे दहा दिवसांच्या अंतराने, असे प्रमाण असते. छापील आकड्यावर विसंबलेला शेतकरी अडीच कार्डे लावील आणि त्याच्या शेतात ३९,००० हून कमी अंडी पोहोचतील. त्याला सव्वातीन कार्डे लागतात. नंतर पोंगेमर दिसली की तो दोष मित्रकीटकाला देतो.

तिसरी मोजणी कीटक बाहेर पडण्याची. मोजलेले तुकडे कापून काचनळीत ठेवावेत आणि तोंडाला घट्ट बोळा लावावा. सुमारे २७ अंश सेल्सियस तापमानात परोपजीवनानंतर सात-आठ दिवसांत प्रौढ बाहेर पडतात. त्यानंतर आणखी दोन दिवस थांबून, गोल छिद्र पडलेली काळी अंडी मोजावीत. ५५२ पैकी ४९७ अंड्यांना छिद्र असेल, तर निर्गमन ९० टक्के झाले. नळीत जाळी आणि कुरतडलेली अंडी दिसली, तर अतिनील किरणांची प्रक्रिया अपुरी पडून कॉर्सायराच्या अळ्या जन्मल्या आहेत, असे समजावे. ती बॅच विक्रीस नेऊ नये.

एका बॅचचा आकडा जाहिरातीत वापरणे हीदेखील अतिशयोक्तीच ठरते. ‘९५ टक्क्यांपर्यंत निर्गमन’ या शब्दप्रयोगातील ‘पर्यंत’ हा शब्द वाईट बॅच झाकण्यासाठीच असतो. सलग सहा बॅच मोजून त्यांतील सर्वांत कमी आकडा घ्यावा आणि तोही खालच्या बाजूला पूर्णांकात आणावा. परोपजीवित अंडी सर्वांत कमी १५,१०० आणि निर्गमन सर्वांत कमी ८६ टक्के असेल, तर ‘किमान १५,०००’ आणि ‘किमान ८५ टक्के’ हे दावे टिकतात. मात्र ते फक्त प्रयोगशाळेतून निघालेल्या कार्डापुरते टिकतात. मे महिन्यात एस.टी.च्या पार्सलमधून गेलेल्या कार्डाची स्थिती वेगळी असू शकते. म्हणून प्रत्येक हंगामात एखादे कार्ड नेहमीच्याच मार्गाने पाठवून परत मागवावे आणि त्याचेही निर्गमन मोजावे. शीतकपाटात साठविलेली कार्डे विकायची असतील, तर साठवणीनंतरची मोजणी स्वतंत्र हवी.

‘ताजे’ या शब्दालाही तारीख हा सरळ पर्याय आहे. परोपजीवनाची तारीख आणि कीटक बाहेर पडण्याची अपेक्षित तारीख लिहिली, की शेतकरी कार्ड कधी लावायचे ते स्वतः ठरवू शकतो. ‘अस्सल जात’ म्हणण्याऐवजी प्रजातीचे नाव आणि मूळ संवर्धन कोठून, कधी आणले ते लिहावे. बेंगळुरू येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडून ते घेतले असल्यास तसा उल्लेख करावा. त्याची पावती मात्र जवळ हवी.

या मोजण्यांनंतर जाहिरातीची ओळ पुढीलप्रमाणे होते :

‘ट्रायकोग्रामा किलोनिस. प्रत्येक कार्डावर किमान १५,००० परोपजीवित अंडी; पाठविताना निर्गमन किमान ८५ टक्के (मागील सहा बॅचची मोजणी, नोंदवही पाहता येईल). खोडकिडीच्या अंड्यांवर उपयुक्त, अळीवर नाही. हेक्टरी ५०,००० च्या मात्रेसाठी ४ कार्डे. कीटक बाहेर पडण्याची तारीख कार्डावर.’

सव्वातीनऐवजी चार कार्डे लिहिल्याने किंमत वाढल्यासारखी वाटते, अशी हरकत गटांकडून येणे स्वाभाविक आहे. सुट्या पट्ट्या देण्याची सोय केल्यास हा प्रश्न बराचसा सुटतो. ‘कार्ड महाग पण अंडी मोजलेली’ हे विक्रेत्याला समोरासमोर सांगता येते. ‘नंबर वन’बाबत प्रश्न आला, तर सांगण्यासारखे काही नसते.

शेतातील परिणामाचा दावा करण्याचा मोह मात्र आवरावा. कार्डे लावण्यापूर्वीचे आणि नंतरचे छायाचित्र फारसे काही सिद्ध करीत नाही. मोठी बांधणी, पाऊस आणि पिकाचे वय यांमुळेही पोंगेमर घटते. शेजारील प्लॉटमध्ये कार्डे न लावता, दोन्हीकडे ठराविक कोंब मोजून टक्केवारी काढली, तरी तो एका ठिकाणचा, एका हंगामाचा निकाल असतो. तो द्यायचाच असेल, तर गाव, हंगाम, मोजलेले कोंब आणि दोन्ही प्लॉटचे आकडे द्यावेत. टक्केवारीतील घट एकटी लिहू नये. कार्डे लावल्यानंतरच्या दिवसांत कीटकनाशकाची फवारणी झाली असेल, तर तेही नोंदवावे लागते.

एखादी बॅच किमान आकड्याखाली आली, तर तिच्यासोबत हीच ओळ पाठवू नये. ती रद्द करावी किंवा प्रत्यक्ष मोजलेला आकडा लिहून कमी दराने द्यावी. नोंदवहीत बॅच क्रमांक, मोजणीची तारीख, मोजणाऱ्याची सही आणि तिन्ही आकडे असावेत. तक्रार आल्यास त्याच बॅचची राखून ठेवलेली पट्टी तक्रारदारासमोर भिंगाखाली धरता येते.