अमेरिकेतून परतताना: सोशल सिक्युरिटीचं स्टेटमेंट कसं वाचायचं?

आपल्या शाळांतल्या अनेक पालकांनी काही वर्षं अमेरिकेत नोकरी केलेली असते. परतताना त्यांच्या हाती सोशल सिक्युरिटीचं स्टेटमेंट असतं आणि ते बहुतेक जण पीएफच्या पासबुकासारखं वाचतात. घोळ तिथेच होतो. म्हणून आज एका उदाहरणातून ते समजून घेऊ.

१. हे पासबुक नाही

स्टेटमेंटमध्ये दरवर्षीची कमाई आणि तुम्ही व कंपनीने भरलेल्या कराची एकूण रक्कम दिसते. सोशल सिक्युरिटीसाठी पगाराचे ६.२ टक्के तुमच्याकडून कापले जातात आणि तेवढेच कंपनी भरते. पण ही शिल्लक नव्हे. देश सोडताना ती परत मागता येत नाही. या नोंदीवरून पुढे पेन्शनचा हक्क मिळतो, तोही ४० क्रेडिट पूर्ण झाले तरच.

२. क्रेडिट मोजायचे कसे?

वर्षाला जास्तीत जास्त ४ क्रेडिट मिळतात, म्हणून सगळे म्हणतात, "दहा वर्षं नोकरी लागते." हे अर्धंच खरं आहे. क्रेडिट महिन्यांवर नाही, त्या कॅलेंडर वर्षातल्या कमाईवर ठरतात. २०२५ मध्ये दर १,८१० डॉलर कमाईला एक क्रेडिट होतं. म्हणजे ७,२४० डॉलरला चारही. ते दोन महिन्यांत कमावले काय आणि बारा महिन्यांत कमावले काय, वर्ष संपल्यावर क्रेडिट चारच. ही रक्कम दरवर्षी बदलते.

उदाहरण: समजा, समीर सप्टेंबर २०१६ मध्ये एच-वन-बी व्हिसावर गेला. त्या वर्षी २४,००० डॉलर आणि २०१७ ते २०२४ दरवर्षी ८५,००० डॉलर कमावले.

डिसेंबर २०२४ मध्ये परतला, तर कॅलेंडर वर्षं ९, क्रेडिट ३६. स्वतः ४३,६४८ डॉलर भरूनही पेन्शन शून्य.

फेब्रुवारी २०२५ अखेर परतला, तर? जानेवारीचा पगार सुमारे ७,०८३ डॉलर, म्हणजे थोडक्यात कमी. फेब्रुवारीचा धरला की मर्यादा ओलांडली. वर्षाअखेर क्रेडिट ४०! प्रत्यक्ष नोकरी मात्र साडेआठ वर्षंच.

४० क्रेडिट असलेल्या भारतीय नागरिकाला ही पेन्शन भारतात राहूनही मिळू शकते. ३६ वर थांबलेल्यांचे क्रेडिट रद्द होत नाहीत; पुढे कधी अमेरिकेत नोकरी केली तर त्यात भर पडते. पण भारतातली पीएफची वर्षं त्यात धरत नाहीत, कारण तसा करार भारताचा अमेरिकेशी नाही.

३. छापलेला पेन्शनचा अंदाज फुगलेला का असतो?

कारण तुम्ही निवृत्तीपर्यंत अमेरिकेत याच पगारावर काम करत राहणार, असं तो गृहीत धरतो. समीरचा जन्म १९८४ चा. त्याला ६७ व्या वर्षी महिना सुमारे २,९०० डॉलर दिसतील. खरा हिशोब असा (महागाईनुसार होणारी वाढ सोडून, २०२५ च्या टप्प्यांनी):

- सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांची बेरीज घ्यायची. समीरची १० वर्षंच भरली, बाकी २५ शून्य. बेरीज सुमारे ७,१८,००० डॉलर.
- तिला ४२० महिन्यांनी भागायचं: सुमारे १,७०९ डॉलर.
- पहिल्या १,२२६ डॉलरचे ९० टक्के, म्हणजे १,१०३. उरलेल्या ४८३ चे ३२ टक्के, म्हणजे १५५.
- पेन्शन महिना सुमारे १,२५८ डॉलर. ६२ व्या वर्षीच सुरू केली, तर ३० टक्के कमी.

म्हणजे छापलेल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. पण पंचवीस शून्यं असूनही ती फार घसरली नाही, कारण पहिल्या टप्प्याला ९० टक्के मिळतात. म्हणूनच ते शेवटचे चार क्रेडिट मोलाचे.

४. निघण्यापूर्वी काय तपासायचं?

प्रत्येक वर्षाची कमाई त्या वर्षीच्या डब्ल्यू-टू फॉर्मच्या तिसऱ्या चौकटीशी ताडून पाहा. कुठे शून्य दिसलं तर लगेच घाबरू नका. विद्यार्थी व्हिसावर (ओपीटीसह) पहिली पाच कॅलेंडर वर्षं हा कर सहसा लागत नाही. तिथलं शून्य बरोबरच आहे. पण चौथ्या चौकटीत कर कापलेला दिसतोय आणि स्टेटमेंटमध्ये शून्य, तर ती चूक. ती दुरुस्त करायला साधारणपणे ते वर्ष संपल्यापासून ३ वर्षं, ३ महिने, १५ दिवस मिळतात. म्हणून सगळे डब्ल्यू-टू बरोबर आणा आणि स्टेटमेंटची प्रत तिथे असतानाच काढून ठेवा.

सोडवून पाहा: स्नेहा ऑगस्ट २०१६ ला शिकायला गेली, २०१८ पासून ओपीटीवर नोकरी, ऑक्टोबर २०१९ पासून एच-वन-बीवर चांगला पगार, डिसेंबर २०२४ ला परत. क्रेडिट किती?

उत्तर: २०१९ ते २०२४ ही सहा वर्षं, म्हणून २४. ओपीटीचा काळ धरायचा नाही. पण २०१९ चे शेवटचे तीन महिने पूर्ण चार क्रेडिट देतात.