किमयेची विद्या आणि पाऱ्याचा प्रयोग

‘किमया’ हा मराठी शब्द मूळ अरबी ‘कीमिया’वरून फारसीमार्गे आपल्याकडे आला. शिसे, तांबे यांसारख्या हलक्या धातूंचे सोने करण्याच्या विद्येला हे नाव होते. सोने कोणाच्याही हाती लागले नाही. मात्र त्या शोधात प्रयोगाची जी पद्धत घडली, ती टिकून राहिली.

अबू बक्र अर-राझी (मृत्यू इ. स. ९२५) यांच्या ‘किताबुल असरार’ या ग्रंथाच्या नावात ‘रहस्ये’ असली, तरी आत आधी पदार्थ, मग उपकरणे आणि नंतर कृती अशी उघड मांडणी आहे. पुढे इब्ने सीना यांनी धातूचा रंग बदलता येतो, जात बदलत नाही, असे स्पष्ट सांगितले.

या पद्धतीचा एक नमुना ‘रुतबतुल हकीम’ या ग्रंथात सापडतो. कुर्तुबा येथील मस्लमा बिन कासिम (मृत्यू इ. स. ९६४) हे त्याचे कर्ते मानले जातात. प्रयोग असा: पाव रतल शुद्ध पारा अंड्याच्या आकाराच्या काचपात्रात घेतला, ते पात्र दुसऱ्या भांड्यात ठेवले आणि चाळीस दिवस-रात्र अतिशय मंद आच दिली. बाहेरच्या भांड्यावर हात ठेवता येईल, एवढीच ती आच होती. शेवटी सगळ्या पाऱ्याची मऊ, तांबडी भुकटी झाली आणि तिचे वजन पूर्वीइतकेच भरले.

ही नोंद आज तपासून पाहू. तांबडी भुकटी म्हणजे पारा आणि हवेतील ऑक्सिजन यांचे संयुग. शंभर ग्रॅम पाऱ्याची भुकटी झाली, तर ती सुमारे एकशे आठ ग्रॅम भरायला हवी. मग वाढ का दिसली नाही? आठ ग्रॅम ऑक्सिजनसाठी जवळजवळ तीस लिटर हवा लागते; म्हणजे पात्र पूर्ण बंद नसावे. त्याच वाटेने पाऱ्याची थोडी वाफ निसटली असेल, किंवा तराजू तितका सूक्ष्म नसेल. दुसरी अडचण आचेची आहे. हे संयुग व्हायला सुमारे साडेतीनशे अंश सेल्सिअस उष्णता लागते. हाताला सोसवेल एवढ्या आचेने ते होत नाही. म्हणून आचेचे वर्णन जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. (पाऱ्याची वाफ विषारी असते, हा प्रयोग घरी करू नये.)

अठराव्या शतकात फ्रान्सच्या लाव्हाझिए यांनी पारा बारा दिवस तापवला आणि पाऱ्याबरोबर भोवतालची हवाही मोजली. हवा घटल्याचे त्यांना दिसले. कुर्तुब्याच्या प्रयोगात हेच एक मोजमाप राहून गेले होते.

तरीही ती नोंद मोलाची आहे. किमयागार कृती सांकेतिक भाषेत झाकून ठेवी; तिची चूक दाखवण्याची सोयच नसे. येथे मात्र पदार्थ, वजन, पात्र, आच, मुदत आणि निष्पत्ती हे सारे उघड लिहिले आहे. म्हणूनच हजार वर्षांनंतरही त्यात काय चुकले, ते आपल्याला सांगता येते. विद्येचे ‘रसायनशास्त्र’ झाले, ते याच वळणावर.