व्याजाला खाडा नसतो

अगं, तुझ्या दादल्याने परत रोजच्या व्याजाने दहा हजार उचलले म्हणे. मी रागावणार नाही, बस जरा. पोराला ताप, दवाखान्यात आधी अनामत मागतात, ठेकेदार म्हणतो शनिवारशिवाय खर्ची नाही. अशा वेळी जो रात्री नऊ वाजता रोख हातावर ठेवतो, त्याच्याकडेच माणूस जाणार. पण त्या दहा हजारांचं पुढे काय होतं, ते आज आपण दोघी कागदावर मांडू. तोंडी हिशेबात सावकार नेहमीच जिंकतो.

तुमच्या भोसरी-चाकणकडे पैसे देण्याच्या दोन तऱ्हा चालतात. एकीत रोज नुसतं व्याज द्यायचं, दहा हजाराला रोजचे शंभर, आणि मुद्दल जमेल तेव्हा एकरकमी. दुसरीत डायरी असते. दहा हजार लिहायचे, हातात साडेआठ द्यायचे आणि रोज शंभरप्रमाणे शंभर दिवस वसूल करायचे. आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण घडण हीच.

आधी पहिली तऱ्हा घे, कारण ती जास्त घातक आहे. नवऱ्याची हजेरी आठशेची. सेंट्रिंगचं काम महिन्यात फार तर बावीस दिवस, म्हणजे १७,६०० रुपये. व्याज मात्र तीसही दिवस चालतं, म्हणजे ३,०००. सुट्टीला, सणाला, स्लॅब पुढे ढकलला त्या दिवशीही ते चालूच. मजुरी हजेरीवर मिळते आणि व्याज तारखेवर चढतं, सगळी गोम इथेच आहे. जुलैत पावसाने काम पंधरा दिवसांवर आलं की कमाई १२,०००, आणि त्यातले तीन हजार गेले म्हणजे चार आण्यांचा वाटा सावकाराचा. बरं, एवढं देऊनही मुद्दलातला एक रुपया उतरत नाही. सहा महिन्यांत अठरा हजार भरशील आणि देणं दहा हजारच राहील. तुझा नवरा म्हणतो ना, ‘रोजचे शंभरच तर आहेत’, त्याला हा सहा महिन्यांचा आकडा वाचून दाखव.

डायरीवाला प्रकार वरून बरा दिसतो, कारण शंभर दिवसांनी तो संपतो तरी. साडेआठ हजारांवर पंधराशे जास्त, म्हणजे शेकडा सतरा-अठरा, असं लोक धरून चालतात. पण साडेआठ हजार तुझ्याकडे शंभर दिवस राहतात कुठे? पहिल्या दिवसापासून शंभर-शंभर परत जातात. पन्नासाव्या दिवशी जेमतेम निम्मी रक्कम तुझ्याकडे असते, तरी पंधराशे मात्र पुऱ्या रकमेचे कापलेले. नीट हिशेब केला तर हा दर वर्षाला शेकडा १२० च्या आसपास जातो. आता याच्याशेजारी एक गोष्ट ठेव. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली शेतकरी नसलेल्या कर्जदारासाठी सरकारने दर ठरवून दिलाय, तारणावर वर्षाला शेकडा १५ आणि बिनतारणी १८. तोही परवाना असलेल्या सावकाराला. व्याजावर व्याज तर लावताच येत नाही.

खरी मेख पुढे आहे, आणि माझ्या डोळ्यांदेखत बहुतेक घरं तिथेच रुतली. साठ दिवस झाले, सहा हजार फेडले, चार हजार उरले, आणि तेवढ्यात शाळेची फी आली. सावकार प्रेमाने म्हणतो, ‘वहिनी, नवं-जुनं करून टाकू.’ नवी दहा हजारांची डायरी उघडतो. त्यातून जुने चार हजार वळते करतो, नवे पंधराशे कापतो आणि तुझ्या हातात साडेचार हजार ठेवतो. नीट बघ, मिळाले साडेचार हजार आणि त्यांच्यासाठी मोजले पंधराशे. जुन्या चार हजारांचं शंभर दिवसांचं व्याज त्याने पहिल्याच दिवशी कापून घेतलं होतं, त्यांच्यावर तो दुसऱ्यांदा घेतोय. दर दोन महिन्यांनी नवं-जुनं करणारं घर वर्षाकाठी नऊ हजार नुसते कापण्यात घालवतं आणि वर्षअखेरीलाही डायरी उघडीच असते. तेव्हा फीसाठी पैसे लागले तरी चालू डायरीत नवं-जुनं करू नकोस. उरलेले चाळीस दिवस आधी संपव आणि फीचं शाळेत जाऊन बोल, हप्ते पाड म्हणावं.

बाहेर कसं पडायचं ते सांगते. एक साधी वही घे आणि प्रत्येक देणं लिही: कोणाकडून, हातात किती आले, आजवर किती भरले. रोजचे पैसे देताना शक्य असेल तर फोनवरूनच दे. रोखीला साक्ष कोणाची? वहीत जिथे नुसतं व्याज चाललंय आणि मुद्दल हलत नाही, ते देणं आधी मोडायचं.

ते मोडायला एकरकमी दहा हजार लागतील. कानातलं, डोरलं काही असेल तर ते बँकेत सोनेतारण ठेव. तुला ऐकवत नाही हे, माहीत आहे मला. पण बँकेचं व्याज वर्षाला शेकडा दहा-बाराच्या आसपास असतं, म्हणजे दहा हजाराला महिन्याचे शंभर रुपये. सावकाराला तू तेवढे एका दिवसात देतेस. उरलेले २,९०० दर महिन्याला बँकेत मुद्दलात भर. चार महिन्यांत डोरलं गळ्यात परत येईल. दोन गोष्टी मात्र सांभाळ. पावतीवर वजन आणि मुदत लिहून घे, आणि मुदत चुकवू नकोस, नाहीतर लिलावाची नोटीस येते. आणि गल्लीतल्या सराफाकडे चिठ्ठीवर ठेवू नकोस. तिथला दर बँकेच्या कितीतरी वर असतो आणि दागिना परत मिळण्याची हमी त्या चिठ्ठीत नसते.

सोनं नसेल तर बचत गट. गटात साधारण महिन्याला शेकडा दोन लागतात, म्हणजे दहा हजाराला दोनशे, आणि मुद्दल उतरलं की व्याजही उतरतं. अडचण एवढीच की गटात आज बसलं आणि उद्या दहा हजार मिळाले असं होत नाही. काही महिने बचत भरावी लागते, मगच तुझं नाव पुढे येतं. म्हणून कर्ज नसतानाच बसायचं. भिशीपेक्षा मला गट बरा वाटतो. भिशीचे पैसे तुझ्या नंबराला मिळतात, तुझ्या गरजेला नाही, आणि नंबर लवकर लागावा म्हणून बोली लावली की पुन्हा तोटाच. मोबाइलवर दोन मिनिटांत कर्ज देणारी अ‍ॅपं तर उघडूच नकोस. ती फोनमधले सगळे नंबर उचलतात आणि मग तुझ्या दिराला, मुकादमाला फोन जातात.

आता मुळाशी जाऊ. तुमच्या घरातलं प्रत्येक कर्ज दवाखान्यापासून सुरू झालंय. तू पॅकिंगला जातेस त्या कंपनीत पगार १४,०००, आणि पगारचिठ्ठीत ईएसआयचे १०५ रुपये कापलेले मी पाहिलेत. त्या १०५ वर तुझा, नवऱ्याचा आणि मुलांचा इलाज ईएसआयच्या दवाखान्यात होतो. तू मात्र दर महिन्याला कापून देतेस आणि वेळ आली की खासगीत जातेस. ई-पहचान कार्ड काढ आणि त्यावर घरच्यांची नावं आहेत का बघ. बहुतेकांच्या कार्डावर लग्नाआधीचाच तपशील असतो आणि ऐन वेळी पोराचं नाव सापडत नाही. तू स्वतः आजारी पडलीस आणि ठरलेल्या दिवसांची वर्गणी भरलेली असली, तर रजेच्या दिवसांचे पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचाच दाखला लागतो. मोठं ऑपरेशन निघालं तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत नाव असलेलं रुग्णालय शोध. तिथे पोचल्यावर काउंटरवर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचार आणि रेशनकार्ड, आधार दाखव. आधी अनामत भरली आणि मग योजना आठवली, तर ते पैसे परत मिळवायला जोडे झिजतात.

नवऱ्याचं वेगळं. बांधकामावरच्या माणसासाठी राज्याचं इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. त्यातला पैसा बिल्डरकडून बांधकाम खर्चावर घेतलेल्या एक टक्का उपकराचा असतो, कोणाची मेहेरबानी नाही. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला एवढं असलं की नोंदणी होते. अडतं ते त्या दाखल्यावरच. ठेकेदार सही द्यायला कुरकुरतो, म्हणून लोक एजंटाकडे जातात आणि तो हजार-दोन हजार उकळतो. ग्रामसेवक किंवा महापालिकेच्या अधिकाऱ्याचा दाखलाही चालतो. नोंदणी झाली की मुलांच्या शाळेला, बाळंतपणाला, मोठ्या आजाराला मदत मिळते. पण ती खर्च झाल्यावर, अर्ज मंजूर झाला की येते. म्हणून तिच्या भरवशावर आज कर्ज काढू नकोस. दरवर्षी नूतनीकरण मात्र कर, कार्डाची मुदत गेली की मदत अडकते.

तुझा पीएफ कापतात ना? आजारपणासाठी त्यातले काही पैसे काढता येतात, आणि ते कर्ज नसल्याने परतफेड नाही. म्हातारपणाची पुंजी आहे, उठसूट हात घालू नकोस, पण शंभर रुपये रोजाच्या व्याजापेक्षा ते कधीही बरं. आधारवरचं आणि पीएफमधलं नाव, जन्मतारीख जुळते का एवढं मात्र आत्ताच बघून ठेव. तिथे एक अक्षर चुकलं तरी अर्ज परत येतो.

आणि एटीएम कार्ड. तुझ्या कंपनीतल्या दोघीतिघींची कार्डं पिनसकट सावकाराकडे आहेत, मला ठाऊक आहे. पगार पडला की तो आधी आपलं काढतो आणि उरलेलं यांना देतो. त्यांना सांग, बँकेत जाऊन कार्ड बंद करून नवं घ्या. खातं तुमचं आहे, त्यात सावकाराचा काही हक्क नाही. कोऱ्या चेकवर, कोऱ्या स्टॅम्पवर सही घेतली असेल तर ती कधी, कोणासमोर दिली ते वहीत लिहा. बिनपरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे करायची, आणि दमदाटी झाली तर पोलिसांतही.

एकटीने जायला भीती वाटते, हे खरंच आहे. सावकार गल्लीतलाच असतो, रोज दारावरून जातो. म्हणून चौघीजणींनी मिळून एकच अर्ज द्या, त्याला वहीच्या पानांची झेरॉक्स आणि फोनवरून दिलेल्या पैशांची यादी जोडा, आणि पोचपावती घ्या. बायकांना आणि कारखान्यातल्या कामगारांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, १५१०० वर फोन करून विचार. रविवारी तुझी वही आणि डायरी घेऊन ये, कुठलं देणं आधी मोडायचं ते आपण बसून ठरवू. नवऱ्यालाही बरोबर आण.