शाळा बंद, पण नेमकी कधी?

शीळफाट्याला बस अडकली की आमच्या ग्रुपमध्ये कुठल्याही विषयावर वाद सुरू होतो. मागच्या पावसाळ्यात तो फ्लूवर झाला, आणि त्याला कारण माझा धाकटा भाऊ. तो सहावीत आहे. त्याच्या वर्गातली जवळजवळ निम्मी मुलं एकाच आठवड्यात तापाने घरी बसली होती. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच मागणी चालू होती, "शाळा आठवडाभर बंद ठेवा." आमची आई मात्र वैतागली. तिला ऑफिसला रजा मिळणार नव्हती आणि आजी गावी गेली होती. ती मला म्हणाली, "तू इंजिनिअर होणार ना? मग सांग, शाळा बंद करून खरंच काही होतं का?"

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मराठीत कुठे अडखळले तर सांभाळून घ्या. पण प्रश्न मला आवडला, म्हणून उत्तर शोधलं.

पहिला भाग सोपा आहे. शाळेमुळे फ्लू पसरतो का? हो, पसरतो. एका बाकावर तीन मुलं, एकच पाण्याची बाटली, डब्यातली वाटणी आणि व्हॅनमध्ये कोंबून बसणं. शिवाय आधी झालेल्या फ्लूमुळे मोठ्यांना जी थोडीफार प्रतिकारशक्ती असते, ती लहान मुलांना कमी असते. फ्रान्समध्ये डॉक्टरांचं एक जाळं दर आठवड्याला फ्लूसारख्या तापाचे पेशंट मोजतं. त्या वीसेक वर्षांच्या नोंदी तिथल्या शाळांच्या सुट्ट्यांशी ताडून पाहिल्या, तेव्हा असं दिसलं की सुट्टीत मुलांना होणारा प्रसार २० ते २९ टक्क्यांनी कमी होतो. मोठ्या माणसांच्या भेटीगाठींत मात्र काही फरक आढळला नाही.

आपल्याकडचा आकडाही आहे. २००९ साली स्वाइन फ्लू आला तेव्हा मी अगदी लहान होते, पण घरातले मोठे अजून त्याबद्दल बोलतात. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. भारतातला तो स्वाइन फ्लूचा पहिला बळी. त्यानंतर लोक घाबरले, मास्क मिळेनासे झाले आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुणे आणि मुंबईत शाळा-कॉलेजं साधारण आठवडाभर बंद झाली. थिएटरंसुद्धा काही दिवस बंद होती. पुढे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातल्या आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी भारतातल्या त्या साथीच्या नोंदी तपासल्या. त्यांचा निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आला. शाळांना सुट्टी असताना साथीचा प्रसार वेगवेगळ्या भागांत १४ ते २७ टक्क्यांनी कमी होता.

म्हणजे साधारण वीस टक्के धरूया. आता खरा प्रश्न येतो. हे वीस टक्के कधी वापरायचे?

एक बाधित माणूस सरासरी जितक्या जणांना लागण देतो, त्या आकड्याला 'आर' म्हणतात. समजा सुरुवातीला आर १.४ आहे आणि एकाकडून दुसऱ्याकडे आजार जायला ३ दिवस लागतात. फ्लूसाठी हे दोन्ही आकडे पटण्यासारखे आहेत. शाळा बंद केल्यावर वीस टक्के कमी, म्हणजे आर १.१२. तो अजूनही एकाच्या वर आहे. म्हणजे सुरुवातीला शाळा बंद केल्याने साथ थांबत नाही, फक्त तिचा वेग कमी होतो. हिशोब केला तर सुरुवातीच्या काळात बंद ठेवलेल्या प्रत्येक दिवसामागे साथ साधारण पाऊण दिवसापेक्षा थोडी कमीच मागे ढकलली जाते. आठवडाभर बंद ठेवली तर साडेचार दिवस मिळतात, बस्स.

पण साथ वाढता वाढता लागण न झालेली माणसं कमी होत जातात, आणि त्याबरोबर आरही घसरतो. हे कागदावर करत बसण्यापेक्षा मी एका रात्री सात ओळी लिहिल्या. दहा हजार वस्तीचं एक गाव, सुरुवातीला ५० बाधित, आणि बारा दिवस शाळा बंद.

```python
a, b = 8, 11
N, S, I = 10000, 9950, 50
for g in range(1, 40):
    R = 1.12 if a <= g <= b else 1.4
    I = R * S / N * I
    S = S - I
    print(g * 3, round(I), round(N - S))
```

यातला `g` म्हणजे तीन दिवसांचा एक टप्पा. `a` ते `b` या टप्प्यांत शाळा बंद असते. प्रत्येक ओळीत दिवस, त्या तीन दिवसांतले नवे बाधित आणि एकूण बाधित छापले जातात. `a` आणि `b` बदलून स्वतः चालवून बघा.

शाळा अजिबात बंद केली नाही, तर तिसाव्या दिवशी शिखर येतं. त्या तीन दिवसांत ५५० नवे बाधित, आणि साथ संपेपर्यंत एकूण सुमारे ५,४७०.

आता पहिल्याच दिवसापासून बारा दिवस शाळा बंद केली, म्हणजे `a, b = 1, 4`. शिखर ३९व्या दिवशी येतं, नऊ दिवस उशिरा. उंची ४९५. एकूण बाधित ५,३५०च्या आसपास, म्हणजे जवळपास तेवढेच! कारण सरळ आहे. शाळा उघडली तेव्हा लागण न झालेली माणसं जवळजवळ सगळी तशीच शिल्लक होती, त्यामुळे साथ पुन्हा पहिल्याच वेगाने सुरू झाली.

तेच बारा दिवस शिखराच्या जरा आधी वापरले, म्हणजे वर लिहिलेले ८ ते ११ टप्पे, तर चित्र बदलतं. नव्या बाधितांचा आकडा ३८२च्या वर जातच नाही, म्हणजे शिखर तीस टक्क्यांनी खाली येतं. एकूण बाधित ४,६८०. तोवर साधारण पंधरा टक्के गावाला लागण होऊन गेलेली असते आणि आर एक-सव्वाच्या आसपास आलेला असतो. वीस टक्के कपात केली की तो एकाच्या खाली जातो आणि साथ उतरायला लागते. जोर तितकाच, पण जागा बरोबर.

आणि शिखरानंतर दोन आठवड्यांनी बंद केली तर? `a, b = 16, 19`. शिखर तेच ५५०, एकूण ५,२९०. मुलं घरी, आईची रजा गेली, पोर्शन मागे पडला आणि हाती जवळजवळ काही नाही.

ही शेवटची गोष्ट प्रत्यक्षात घडलेली आहे. मार्च २००८ मध्ये हाँगकाँगला फ्लूच्या हंगामात काही लहान मुलांचे मृत्यू झाले. लोकांत घबराट पसरली आणि सरकारने बालवाड्या आणि प्राथमिक शाळा दोन आठवडे बंद केल्या. नंतर तिथल्या संशोधकांनी आलेख तपासला तर साथ शाळा बंद होण्याआधीच उताराला लागली होती. बंदचा ठळक परिणाम त्यांना दिसला नाही. साथ ओसरली आणि श्रेय मात्र शाळा बंद करण्याला गेलं असतं! म्हणून "शाळा बंद केली आणि केसेस कमी झाल्या" एवढं ऐकून विश्वास ठेवायचा नाही. घसरण बंदच्या आधी सुरू झाली की नंतर, हे बघायचं.

तुम्ही म्हणाल, मग शिखराच्या आधी बंद करा, विषय संपला. अडचण अशी की शिखर येण्याआधी ते ओळखता येत नाही. माणूस आजारी पडतो, दोन दिवस घरीच क्रोसिन घेतो, मग डॉक्टरकडे जातो, आणि तपासणी तर फार थोड्यांची होते. आपल्याला दिसणारा आकडा आठवडा-दहा दिवस जुना असतो. मृत्यूची बातमी तर आणखी उशिरा येते. २००९ मध्ये निर्णय झाले ते मृत्यू बघून. तेव्हाच्या बंदचा वेगळा परिणामही मोजणं कठीण आहे, कारण मास्क, भीती आणि बंद थिएटरं सगळं एकाच वेळी चालू होतं. आणि बंद संपल्यावर २३ ऑगस्टला गणपती बसले. साथ पुढे अनेक महिने चालली.

मग लवकर बंद करणं फुकट का? नाही. मिळालेल्या नऊ दिवसांत काही येणार असेल, तर ते नऊ दिवस मोलाचे आहेत. लस, औषधं, हॉस्पिटलमधल्या खाटा. २००९ मध्ये मात्र भारतात बनलेली लस बाजारात यायला २०१० चा मध्य उजाडला. तोपर्यंत शाळा बंद ठेवणं शक्यच नव्हतं.

माझ्या सात ओळींत एक मोठी खोट आहे, तीही सांगते. त्यात अख्खं गाव एकमेकांत सारखंच मिसळतं आणि शाळा बंद म्हणजे मुलं घरीच, असं धरलंय. आपल्या शीळफाट्यावर उभं राहून बघा. एका बाजूला ठाणे महापालिका, पुढे कल्याण-डोंबिवली, तिकडे नवी मुंबई. डोंबिवलीतली मुलं नवी मुंबईत शिकतात, मुंब्र्याची ठाण्यात. एका महापालिकेने शाळा बंद केल्या आणि बाकीच्यांनी नाही, तर वीस टक्क्यांचे किती उरतील? शिवाय शाळा बंद झाली की मुलं क्लासला आणि खाली क्रिकेट खेळायला जाणारच. आणि हा हिशोब फ्लूचा आहे. कोविडमध्ये मुलांचा वाटा वेगळा होता, २०२० चा अनुभव जसाच्या तसा इथे लावता येत नाही.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. भावाच्या वर्गात निम्मी मुलं आधीच पडली होती. तो ताप फ्लूचाच होता असं धरलं तरी त्या वर्गापुरतं शिखर येऊन गेलं होतं. बंदचा फायदा झाला असता तर दहा दिवस आधी, दोन-तीन बाकं रिकामी दिसायला लागली तेव्हा. मी आईला म्हटलं, "आता बंद करून उपयोग नाही. ज्याला ताप आहे त्याला घरी ठेवा, तेवढं पुरे."

आई म्हणाली, "हे सांगायला एवढा कॉम्प्युटर लागला होय?" पण दुसऱ्या दिवशी तिने ग्रुपवर मेसेज टाकला, की वर्गात रोज किती मुलं गैरहजर आहेत तेवढं शाळेने कळवावं. माझ्या मते अख्ख्या ग्रुपवरची तेवढीच मागणी कामाची होती. दहा दिवस जुन्या आकड्यांपेक्षा आजचा हजेरीपट जास्त ताजा असतो.