जाहिरातीत बोल स्पष्ट ऐकू यावेत म्हणून संगीत किती ठेवावे?

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा हंगाम जोरात आला की दुकानदारांच्या जाहिरातीही वाढतात. कोणी रिक्षावर भोंगा लावून गावभर फिरवतो, कोणी ४० सेकंदांची चित्रफीत तयार करून मोबाईलवर पाठवतो. पूर्वी दवंडी देणारा आधी हलगी वाजवी, लोक थांबले की हलगी बंद करी आणि मग बोले. आज हलगी आणि बोलणे एकाच वेळी चालू असते. दुकानाचे नाव कसेबसे कळते. भाव आणि फोन नंबर संगीतात बुडून जातो. जाहिरातीचा खर्च मात्र पूर्ण लागतो.

हा दोष निवेदकाच्या गळ्याचा क्वचितच असतो. तो मिश्रणाचा असतो आणि ठरलेल्या पद्धतीने दूर करता येतो. घरच्या संगणकावर स्वतः जाहिरात करणाऱ्यांना, तसेच रेकॉर्डिंगवाल्याकडून काम करून घेणाऱ्यांनाही ही पद्धत माहीत असावी, म्हणजे काय मागायचे ते नेमके सांगता येईल.

शब्द कशाने झाकले जातात

मराठी बोलण्याचा जोर स्वरांत असतो, पण अर्थ व्यंजनांत असतो. 'सात' आणि 'साठ' यांत फरक फक्त शेवटच्या व्यंजनाचा. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांची सुरुवात सारखीच, भेद शेपटीत. त, ठ, स, श, क हे ध्वनी क्षणभराचे आणि क्षीण असतात, आणि त्यांची ओळख मुख्यतः १,००० ते ४,००० हर्ट्झ आणि त्याच्याही वरच्या पट्ट्यात असते. बासरी, सनई, हार्मोनियम, झांज यांचा तिखट भाग नेमका याच पट्ट्यात वाजतो. म्हणून 'ऐकू येते पण कळत नाही' अशी तक्रार होते. स्वर पोचतात, व्यंजने झाकली जातात.

यावर बहुतेक जण निवेदन आणखी मोठे करतात. त्याने संगीत आणि निवेदन यांतील अंतर थोडे वाढते, पण आवाज फाटू लागतो. योग्य क्रम उलटा आहे. आधी निवेदन ठरलेल्या पातळीवर पक्के करायचे, मग त्याच्या मानाने संगीत खाली बसवायचे.

पातळी मोजायची कशी

संगणकावर नाचणाऱ्या पट्ट्या पाहून पातळी ठरवू नये. त्या आवाजाचा शेंडा दाखवतात, कानाला तो किती मोठा वाटतो ते दाखवत नाहीत. एकदा टाळी वाजवली तर शेंडा उंच जातो. सलग वाजणाऱ्या ढोलक-सिंथेसायझरचा शेंडा तेवढाच असूनही ते कितीतरी मोठे वाटतात. जगभर दूरचित्रवाणीवर जाहिराती कार्यक्रमापेक्षा मोठ्याने का वाजतात, या तक्रारीचे मूळ हेच होते. आपल्याकडे १९९४ च्या केबल टेलिव्हिजन नियमांतही जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असे म्हटले आहे. पण 'अवाजवी' म्हणजे किती, हे मोजायला माप लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली कानाच्या जाणिवेशी जुळणारे माप प्रसिद्ध केले. पडद्यावर ते LUFS या अक्षरांनी दिसते. आकडे उणे असतात: उणे १६ हे उणे २४ पेक्षा मोठे. २०१० साली युरोपातील प्रक्षेपकांच्या संघाने दूरचित्रवाणीसाठी उणे २३ हे लक्ष्य ठरवले. मोबाईलवर ऐकल्या जाणाऱ्या निवेदनासाठी ते लहान पडते. ॲपल कंपनी पॉडकास्टसाठी उणे १६ सुचवते. आपल्या जाहिरातीलाही तो आकडा चालतो.

राहिला संगीताचा प्रश्न. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून २००८ साली जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांतील सर्वांत कडक पायरीत असे सांगितले आहे की पार्श्वभूमीचा आवाज बोलण्यापेक्षा किमान २० डेसिबलने खाली असावा. कमी ऐकू येणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून हा आकडा काढला गेला. आपल्या जाहिरातीचा ग्राहक गिरणीच्या खडखडाटात किंवा बसस्थानकावर उभा असतो. तोही त्या वेळी कमी ऐकणाराच समजावा. म्हणून निवेदन उणे १६, तर त्याखालचे संगीत उणे ३६.

पण संगीत सबंध जाहिरातभर उणे ३६ वर ठेवले तर सुरुवातीला आणि मधल्या विरामांत ते जवळपास ऐकूच येणार नाही, जाहिरात मेल्यासारखी वाटेल. यावर उपाय म्हणजे 'डकिंग'. निवेदन सुरू होताना संगीताने मान खाली घालायची, थांबले की वर काढायची. दवंडीवाल्याची हलगी हेच तर करीत होती.

एक जाहिरात करून पाहू

समजा, हळद-मसाल्याच्या दुकानाची ४० सेकंदांची जाहिरात आहे. पहिली ३ सेकंद नुसते संगीत. मग १२ सेकंद निवेदन, २ सेकंद विराम, १० सेकंद निवेदन, पुन्हा २ सेकंद विराम, ८ सेकंदांत भाव, पत्ता आणि फोन नंबर, शेवटी ३ सेकंद संगीत. म्हणजे ३० सेकंद बोलणे आणि १० सेकंद मोकळे संगीत. काम 'ऑडॅसिटी' या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामवर करू.

निवेदन पंखा बंद करून, जाड पडद्याच्या किंवा कपड्याच्या गाठोड्यांच्या खोलीत रेकॉर्ड करावे. कापड दुकानाची मागची खोली यासाठी उत्तम. मग निवेदनाचा पट्टा निवडून Loudness Normalization मध्ये उणे १६ द्यावे. त्याच चौकटीत Treat mono as dual-mono ही खूण असते, ती ठेवावी. मोबाईलवर केलेले निवेदन बहुधा एकाच वाहिनीचे असते आणि संगीत दोन वाहिन्यांचे. ही खूण काढली तर दोघांच्या मोजणीत ३ डेसिबलचा फरक पडतो आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. आकडा वाढवल्यावर आवाजाचे शेंडे कमाल रेषेबाहेर गेले, तर Limiter लावून ते उणे १ वर थांबवावेत.

त्यानंतर संगीत. बाजारात मिळणारा तयार तुकडा पुष्कळदा उणे १० किंवा ११ इतका मोठा असतो. तो Loudness Normalization नेच उणे २४ वर आणावा. हीच मोकळ्या जागेतील पातळी. आता निवेदनाचा पट्टा संगीताच्या पट्ट्याच्या लगेच खाली ठेवावा, फक्त संगीत निवडावे आणि Auto Duck चालवावे. खालचा पट्टा हुकूम देतो, वरचा पाळतो. क्रम उलटा झाला तर काम होत नाही.

Auto Duck च्या चौकटीत Duck amount हा आकडा आधीपासून उणे १२ असतो. आपल्याला तोच हवा. २४ मधून आणखी १२ खाली गेले की ३६. Outer fade down आणि Outer fade up हे दोन्ही अर्ध्या सेकंदाचे असतात. म्हणजे निवेदक तोंड उघडण्याच्या अर्धा सेकंद आधीच संगीत उतरू लागते आणि तो थांबल्यावर अर्ध्या सेकंदात चढते. २ सेकंदांच्या विरामात अर्धा सेकंद चढण्यात, अर्धा उतरण्यात जातो, पूर्ण संगीत १ सेकंद मिळते. विराम याहून लहान ठेवू नये. Maximum pause १ सेकंदावर असते; बोलताना निवेदक श्वास घेतो तेवढ्यात संगीताने उसळी मारू नये यासाठी ते आहे. हा आकडा आणि त्यासोबत दोन्ही Outer fade फार लहान केले तर प्रत्येक वाक्यानंतर संगीत धापा टाकल्यासारखे वर-खाली होते. अशा जाहिराती रोज कानावर पडतात.

राहिले Threshold, म्हणजे किती मोठा आवाज आला की निवेदन सुरू झाले असे मानायचे. ते उणे ३० असते. खोलीत पंखा चालू असेल आणि त्याची घरघर या रेषेच्या वर असेल, तर प्रोग्राम तिलाच बोलणे समजतो आणि विरामातही संगीत वर येत नाही. याउलट वाक्याच्या शेवटी निवेदकाचा आवाज पडत असेल आणि शेवटच्या शब्दावर संगीत चढत असेल, तर रेष खाली, उणे ३६ च्या आसपास न्यावी. हा दुसरा दोष जास्त घातक, कारण मराठीत क्रियापद आणि आकडा बहुधा वाक्याच्या शेवटीच येतात.

दोन्ही पट्टे एकत्र केल्यावर पुन्हा मोजले तर आकडा उणे १७ च्या जवळ येतो. बोलण्याखालचे संगीत २० डेसिबल खाली असल्याने त्याची भर नगण्य असते. मोकळ्या संगीताची १० सेकंद सरासरी जराशी खाली ओढतात. सबंध जाहिरात पुन्हा उणे १६ वर आणावी आणि शेंडे उणे १ वर थांबवावेत. यात दोघांमधले अंतर बदलत नाही. तीच फाईल यूट्यूबवर टाकली तरी चालते. तिथे उणे १४ पेक्षा मोठा आवाज खाली ओढला जातो, म्हणून जाहिरात अतोनात मोठी करून लाभ नाही. संगीत न वापरणारे पुष्कळ व्यापारी पार्श्वभूमीला गिरणीचा किंवा बाजाराचा आवाज ठेवतात, त्यालाही हाच हिशेब लागू पडतो.

एवढे करूनही शब्द धूसर वाटले, तर संगीत आणखी खाली नेण्याआधी इक्वलायझरने संगीतातला १,००० ते ४,००० हर्ट्झचा भाग ३-४ डेसिबल दाबून पाहावा. वाद्यच बदलता आले तर फारच छान: सनईऐवजी संतूर किंवा हलका ठेका. गाण्याचे बोल असलेले संगीत निवेदनाखाली कधीच लावू नये. कान दोन्हीकडचे शब्द पकडू पाहतो.

भोंग्यासाठी वेगळी फाईल

मोबाईलची फाईल भोंग्यावर तशीच वाजवू नये. भोंगा खर्जाचा आवाज जवळपास देतच नाही, मधला पट्टा मात्र जोरात फेकतो. त्यामुळे ढोलकीचा ठेका गायब होतो, आणि जे संगीत उरते ते नेमके व्यंजनांच्या पट्ट्यातले. शिवाय रिक्षाचे इंजिन आणि भिंतींवरून येणारा प्रतिध्वनी. या फाईलसाठी Duck amount उणे २० करावे, म्हणजे बोलण्याखालचे संगीत उणे ४४ वर जाईल, जवळपास बंद. फोन नंबर दोनदा आणि एकेक आकडा सुटा सांगावा. ॲम्प्लिफायरची कळ आवाज फाटण्याच्या पुष्कळ अलीकडे ठेवावी. फाटलेला आवाज लांब जातो खरा, पण त्यातली व्यंजने जात नाहीत.

इथे एक घोटाळा टाळावा. वर सांगितलेले डेसिबल फाईलच्या आतले आहेत, रस्त्यावरचे वेगळे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे व्यापारी भागात दिवसा ६५ आणि निवासी भागात ५५ डेसिबल ही मर्यादा आहे, भोंग्याला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो लावता येत नाही. फाईल उणे १६ ची असली तरी ॲम्प्लिफायरची कळ फिरवून ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

जाहिरात पूर्ण झाली की ज्याने मजकूर वाचलेला नाही अशा माणसाला बोलवावे, शक्यतो वयस्कर. साध्या मोबाईलवर, आवाज निम्मा ठेवून, शेजारी गिरणी किंवा रस्ता चालू असताना त्याला ती एकदाच ऐकवावी आणि भाव व फोन नंबर कागदावर लिहायला सांगावे. जिथे आकडा चुकेल, तिथेच संगीत अजून वर आहे किंवा निवेदक घाईत आहे. जाहिरात करणाऱ्याने ही परीक्षा स्वतःवर घेऊ नये. त्याला नंबर पाठ असतो, त्यामुळे तो न ऐकताही ऐकू येतो.