केकचा टीन किती कपांचा? – घनफळाची एक घरगुती कृती

पाककृतीत लिहिलेलं असतं, “९ × ५ इंचांचा लोफ टीन घ्या.” आपल्याकडे तो टीन नसतो, असतो तो मधे नळी असलेला गोल रिंग टीन. मग सगळं मिश्रण त्यात मावेल का? इथे इंच जुळवत बसायचं नाही. दोन्ही टीनमध्ये काठोकाठ किती कप मावतं एवढंच जुळवायचं.

आधी कप ठरवून घेऊ. इथला कप म्हणजे मापाचा कप, साधारण २४० मिली. चहाचा कप चालणार नाही. १ मिली म्हणजेच १ घन सेंटिमीटर, म्हणून सेंमीमध्ये मापं घेऊन घनफळ काढायचं आणि २४० ने भागायचं, की कप मिळतात.

१) नसलेला लोफ टीन

९ × ५ × ३ इंच म्हणजे अंदाजे २३ × १३ × ७.५ सेंमी. मुलं लगेच गुणाकार करतील: २२४२ घन सेंमी, म्हणजे ९ कपांपेक्षा जास्त. पण हा टीन साधारण ८ कपांचाच धरतात. मग फरक कुठून आला? टीनच्या बाजू उतरत्या असतात आणि पाककृतीतली मापं वरच्या काठाची असतात. तळ लहान असतो. समजा तो २० × ११ सेंमी आहे. वरच्या आणि खालच्या मापांची सरासरी घेतली की २१.५ × १२ मिळतं. त्याला खोली ७.५ ने गुणलं की १९३५ घन सेंमी, म्हणजेच ८ कप! मुलांना आधी चुकीचं उत्तर काढू द्या आणि मग टीन बाजूने बघायला सांगा. कारण त्यांचं त्यांनाच सापडतं.

२) हातातला रिंग टीन

मापं आतून घ्यायची. टीनच्या बाजू आणि मधली नळी दोन्ही उतरत्या असतात, म्हणून इथेही वरची-खालची सरासरी घ्या. समजा बाहेरच्या गोलाचा सरासरी व्यास २० सेंमी, नळीचा ६ सेंमी आणि खोली ७ सेंमी आहे.

आता गणित करण्याआधी वर्गात विचारा, “मधल्या भोकाने किती जागा खाल्ली?” बरीच मुलं पाव किंवा तिसरा हिस्सा सांगतील, कारण ६ हे २० च्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढं दिसतं. पण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर ठरतं. मोठी त्रिज्या १०, तिचा वर्ग १००. नळीची त्रिज्या ३, तिचा वर्ग ९. म्हणजे १०० पैकी फक्त ९ भाग गेले! उरले ९१. ३.१४ × ९१ × ७ = साधारण २००० घन सेंमी, म्हणजे ८ कपांपेक्षा थोडं जास्त.

३) आता पाण्याने तपासा

टीन सपाट ओट्यावर ठेवून त्यात एकेक कप पाणी ओता आणि मोजा. अशा टीनमध्ये साडेसात कपच मावले तर गणित चुकलं असं समजू नका. रिंग टीनचा तळ गोलसर असतो, कडांना नक्षीच्या खाचा असतात. आपण मात्र तो सपाट तळाचा धरला होता. म्हणून अशा टीनचं गणिताचं उत्तर नेहमी थोडं जास्त येतं. वर्तुळाचं क्षेत्रफळ न शिकलेल्या लहान मुलांनी थेट पाणीच मोजावं. तळ सुटा होणारा टीन असेल तर पाणी गळेल, तिथे तांदूळ वापरा आणि प्रत्येक कप सपाट करून घ्या. नंतर टीन नीट पुसून कोरडा करा, नाहीतर गंजेल.

४) निर्णय

केक फुगतो, म्हणून टीन दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही. साडेसात कपांच्या टीनमध्ये ५ कप मिश्रण घालता येतं. आपलं मिश्रण ५ कपांचं असेल तर सगळं मावलं. टीन ६ कपांचाच निघाला, तर त्यात ४ कप घाला आणि उरलेला एक कप लहान वाट्यांमध्ये भाजा. सगळं एकाच टीनमध्ये कोंबलं तर मिश्रण काठावरून ओव्हनमध्ये सांडतं.

मात्र कप जुळले म्हणून वेळही जुळेल असं नाही. रिंग टीनमध्ये नळीमुळे मधूनही उष्णता मिळते, त्यामुळे केक लोफपेक्षा लवकर होतो. दिलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधीपासून नळी आणि काठ यांच्या मध्यावर सुई खुपसून बघा. ती कोरडी निघाली की केक झाला.

मुलांसाठी प्रश्न: याच टीनमधल्या नळीचा व्यास ६ ऐवजी १० सेंमी असता, तर १०० पैकी किती भाग गेले असते? आधी अंदाज लिहा, मग गणित करा.