लुंबिनीचा स्तंभ आणि करुणेचा हिशेब
(शालेय परिपाठात केलेले भाषण)



वैशाख पौर्णिमा बहुधा उन्हाळी सुटीत येते. त्या दिवशी आपण आपापल्या गावच्या विहारात असाल. म्हणून सुटीपूर्वीच्या या शेवटच्या परिपाठात तथागतांच्या जन्माविषयी चार शब्द सांगतो. इतिहासाचा शिक्षक असल्याने मी कथेपासून नव्हे, तर एका दगडापासून आरंभ करणार आहे.

नेपाळच्या तराईत लुंबिनी येथे सम्राट अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. १८९६ साली त्यावरील लेख उजेडात आला. लेख अवघा पाच ओळींचा, ब्राह्मी लिपीतला आणि प्राकृत भाषेतला आहे. राज्याभिषेकास २० वर्षे झाल्यावर, म्हणजे सुमारे इ. स. पू. २४९ मध्ये, राजा स्वतः येथे आला. येथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले म्हणून त्याने पूजा केली आणि शिलास्तंभ उभारविला. लेखाचा हा भाग सर्वांना ठाऊक असतो.

परंतु लेख तेथे संपत नाही. येथे भगवान जन्मले म्हणून लुंबिनी गावाचा 'बली' नावाचा कर माफ केला आहे आणि पिकातील राजाचा वाटा आठवा केला आहे, असे शेवटी कोरले आहे. 'म्हणून' या शब्दाकडे लक्ष द्या. बुद्धांच्या जन्माचे कारण देऊन राजाने शेतकऱ्याचा भार कमी केला.

हा भार किती कमी झाला असेल? प्राचीन ग्रंथांत राजाचा वाटा सामान्यतः सहावा सांगितला आहे. समजा, लुंबिनीतही तोच होता आणि एका कुटुंबाच्या शेतात २४ पोती भात पिकले. सहाव्या वाट्याने ४ पोती राजाकडे जात. आठव्या वाट्याने ३ जातील. एक पोते घरात राहिले. बलीची सूट त्याहून वेगळी. ज्या घरी पावसाळ्याच्या तोंडावर धान्याची कणगी रिकामी होते, त्या घराला त्या एका पोत्याचे मोल विचारा.

याच राजाने राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी कलिंगावर स्वारी केली होती. एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख माणसे पकडून नेली गेली, हे त्यानेच आपल्या तेराव्या शिलालेखात नमूद केले असून त्याबद्दल दुःखही व्यक्त केले आहे. पश्चात्ताप ही करुणेची सुरुवात असते. पण पश्चात्ताप करणाऱ्याच्या मनात राहतो. त्याने भुकेल्याच्या घरात धान्य येत नाही. लुंबिनीत तीच भावना करवसुलीच्या नियमात उतरलेली दिसते.

या लेखाची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्यात करुणा हा शब्द नाही, आणि सूट एकाच गावाला आहे. शेजारच्या गावाचा त्यात उल्लेख नाही. तरीही तो आपल्याला करुणा ओळखण्याची एक कसोटी देतो. 'मला दया आली' असे कोणी म्हणाले, तर विचारावे की समोरच्याच्या डोक्यावरचे ओझे किती उतरले? आणि ते आजच्यापुरते उतरले की नियमाने? राजाने त्या दिवशी गावात धान्य वाटले असते, तर ते काही दिवसांत संपले असते. वाटाच कमी केल्यामुळे तो लाभ पुढच्या हंगामातही मिळणार होता. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले, तेव्हा कोकणातल्या कुळांना त्यांनी सहानुभूतीचे शब्द दिले नाहीत; ओझे लादणारी पद्धतच काढून टाकावी, अशी मागणी केली.

आता आपल्या वसतिगृहाकडे पाहू. येथे राजा नाही, पण 'बली' आहे. पाचवीत आलेला मुलगा मोठ्यांच्या बादल्या भरतो, त्यांची ताटे घासतो, नळावरच्या रांगेत त्याचा क्रमांक मागे सरकत जातो. रात्री तो घरच्या आठवणीने रडतो, तेव्हा हेच मोठे विद्यार्थी प्रेमाने त्याच्या पाठीवरून हात फिरवतात. तो हात खोटा नाही. पण सकाळी बादली पुन्हा त्याच्याच हाती येते.

दहावीच्या विद्यार्थ्यांनो, यंदा जन्मदिनी वंदना घ्याल, खीरदान कराल. ते अवश्य करा. अकरावी-बारावीसाठी येथेच राहणार असाल, तर जूनमध्ये परतल्यावर एक नियम स्वतः लिहून नळाजवळ लावा: ज्याची बादली त्याने भरावी, ज्याचे ताट त्याने घासावे, आणि रांगेत पाचवीची मुले प्रथम. तुमचा स्तंभ तोच.

नमो बुद्धाय. जयभीम.